एनए ऑर्डरमध्ये आधी 'पैकी' हा शब्द शोधा

प्रश्न: शहरापासून पंधरा किलोमीटरवर दीड गुंठ्याचा प्लॉट बघितलाय. विकणारे म्हणतात, "एनए ऑर्डर आहे, झेरॉक्स देतो, आणि तसंही हल्ली एनए लागत नाही." सातबारा मात्र शेतीचाच दिसतो. ऑर्डर खरंच इतकी महत्त्वाची असते का? आमच्या घरात कुणीही शेतकरी नाही.

घरात कुणी शेतकरी नाही, हे तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलंय. मी तिथूनच सुरुवात करतो.

एनए ऑर्डर, म्हणजे जमीन बिनशेती वापरासाठी दिल्याचा आदेश, घर बांधण्यासाठी लागते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. त्यामुळे "मला कुठे आत्ता बांधायचंय, गुंतवणूक म्हणून घेतोय" म्हणणारा माणूस ऑर्डरकडे दुर्लक्ष करतो. बांधकामाचा प्रश्न पुढचा आहे. त्याआधीचा प्रश्न असा की ती जमीन तुम्हाला विकत घेता येते का, आणि दीड गुंठा एवढीच घेता येते का. सातबाऱ्यावर जमीन शेतीची असेल तर दोन कायदे आडवे येतात. पहिला कुळकायदा. १९४८ च्या महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाचं कलम ६३ सांगतं की शेतकरी नसलेल्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घ्यायची नाही. विदर्भात याच धर्तीचं कलम ८९ आहे, मराठवाड्यात हैदराबाद कुळकायद्याचं कलम ४७. दुसरा तुकडेबंदी कायदा, १९४७ चा. सरकारने ठरवलेल्या प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पाडून विकायचा नाही, हा त्याचा गाभा. २०२३ च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत हे प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे केलं. तुमचा दीड गुंठा त्याच्या जवळपासही नाही.

जमीन रीतसर बिनशेती झाली की ती या दोन्ही कायद्यांच्या दृष्टीने शेतजमीन राहत नाही. मग घेणारा शेतकरी आहे का हेही कुणी विचारत नाही आणि तुकडा किती गुंठ्यांचा आहे हेही नाही. ऑर्डरचं खरं काम हे आहे. घर बांधा की न बांधा, ते तुमच्या खरेदीखताच्या दिवशीच व्हायला लागतं.

ऑर्डर नसताना होतं काय, तेही सांगतो, कारण ते एका दिवसात दिसत नाही. दस्त नोंदवला जातो. नोंदणी झाली म्हणजे सरकारने व्यवहार तपासून पास केला असं लोकांना वाटतं. नोंदणी म्हणजे दस्त झाला याची नोंद, मालकी निर्दोष असल्याची हमी नव्हे. मग दस्ताची सूची तलाठ्याकडे जाते, फेरफार धरला जातो आणि मंडळ अधिकारी तो नामंजूर करतात, कारण तुकडा किंवा कलम ६३. खरेदीखत तुमच्या कपाटात, सातबाऱ्यावर नाव मूळ मालकाचं. पाच-सात वर्षांनी मालक वारतो, वारसांची नोंद लागते, आणि वारसांच्या लेखी तुम्ही कुणीच नसता. त्याहून वाईट म्हणजे कुळकायद्याच्या कलम ८४-क खाली तहसीलदार चौकशी लावू शकतात आणि व्यवहार अवैध ठरला तर जमीन शासनाकडे जाऊ शकते. हे रोज घडतं असं नाही. पण शेजाऱ्याशी बांधावरून भांडण झालं की त्याचा वकील पहिला अर्ज हाच देतो.

आता तुमच्या झेरॉक्सकडे येऊ. ऑर्डर आहे की नाही, एवढाच प्रश्न विचारून लोक थांबतात. माझ्याकडे येणाऱ्या भानगडींमध्ये निम्म्याहून जास्त वेळा ऑर्डर असतेच, आणि खरीही असते. फक्त ती त्या प्लॉटची नसते.

दोन-तीन वर्षांपूर्वीचं एक प्रकरण बघा. निवृत्तीला आलेले एक शिक्षक प्लॉटची कागदपत्रं तपासायला घेऊन आले. रंगीत ब्रोशर, त्यावर ४० प्लॉटांचा नकाशा, त्यांना २३ नंबरचा देऊ केलेला, क्षेत्र १५० चौरस मीटर. सोबत एनए ऑर्डरची झेरॉक्स, गोल शिक्का, सही, सगळं व्यवस्थित. पहिल्या पानावर लिहिलं होतं, "गट नंबर अमुक, एकूण क्षेत्र ० हेक्टर ८० आर, पैकी ० हेक्टर ४० आर क्षेत्रास रहिवास या अकृषिक प्रयोजनासाठी परवानगी देण्यात येत आहे." सगळा खेळ त्या 'पैकी'मध्ये. ऐंशी आरातले चाळीसच आर बिनशेती झाले होते. उरलेली अर्धी जमीन शेती होती ती शेतीच राहिली.

मी त्यांना सांगितलं की ऑर्डरसोबतचा मंजूर रेखांकनाचा नकाशा मागा. ऑर्डरच्या अटींमध्ये "मंजूर रेखांकनाप्रमाणेच" असा उल्लेख असतो, म्हणजे नकाशा हा ऑर्डरचाच भाग आहे. विकणाऱ्याने आठ दिवस टोलवलं, मग दिला. हिशेब सरळ होता. चाळीस आर म्हणजे ४,००० चौरस मीटर. एवढ्या रेखांकनात दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते, म्हणजे ४००. अंतर्गत रस्त्यांत ९०० गेले होते. उरले २,७००, त्यात १५० चौरस मीटरचे बरोबर १८ प्लॉट. मंजूर नकाशात १९ नंबरचा प्लॉटच नव्हता, मग २३ कुठून येणार! ब्रोशरवाल्याने मंजूर नकाशाखाली तीच रचना आरशातल्यासारखी पुन्हा काढली होती आणि नंबर पुढे चालू ठेवले होते. शेवटचे चार मात्र मोकळ्या जागेवर बसवले होते. रस्तेसुद्धा जोडलेले, त्यामुळे जागेवर उभं राहिलं तर शंकेला जागा नाही. मुरूम टाकलेला, दगड रोवलेले, कमान उभी.

म्हणजे २३ नंबर घेणारा शिक्षक कागदोपत्री शेतजमिनीचा दीड गुंठा घेत होता. मघाशी सांगितलेले दोन्ही कायदे त्याला पूर्ण लागू, हातात एनए ऑर्डरची खरीखुरी प्रत असूनही. आणि मोकळ्या जागेवरचे चार प्लॉट घेणाऱ्यांचं दुखणं वेगळंच. जमीन बिनशेती, पण ती विकायची नाही ही त्याच ऑर्डरमधली अट. तिथे बांधकाम परवानगी मिळणार नाही आणि बाकीचे प्लॉटधारक कधीही हरकत घेऊ शकतात.

म्हणून माझी सवय अशी की ऑर्डर हातात आली की आधी गट नंबर, मग 'पैकी', मग प्रयोजन, आणि मग नकाशातला प्लॉट नंबर, या क्रमाने वाचायचं. प्रयोजनही बघाच. रहिवास, वाणिज्य, औद्योगिक हे वेगवेगळे वापर आहेत. गोडाऊनसाठी झालेल्या एनएवर घराचे प्लॉट पाडून विकलेले मी पाहिले आहेत. तिथे 'वापरात बदल' म्हणून पुन्हा परवानगी लागते.

तुमचा सातबारा शेतीचाच दिसतोय, ही गोष्ट मी सहज सोडणार नाही. ऑर्डर झाली की तिथेच काम संपत नाही. तिचा फेरफार पडतो, भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी होते, कमी-जास्त पत्रक तयार होतं (आमच्या बोलीत क.जा.प.), आणि त्यावरून प्रत्येक प्लॉटचा, रस्त्याचा, मोकळ्या जागेचा सातबारा वेगळा होतो. बिनशेतीचा सातबारा ओळखणं सोपं आहे. शेतीच्या सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये असतं, बिनशेतीच्या आर-चौरस मीटरमध्ये. शिवाय नव्या नमुन्यात खाली स्पष्ट सूचना छापलेली असते की क्षेत्र अकृषिक झाल्यामुळे गाव नमुना बाराची आवश्यकता नाही. पिकांचा रकानाच नसतो. तुमच्या उताऱ्यावर जर अजून ज्वारी किंवा पड दिसत असेल, तर तीनच शक्यता उरतात. ऑर्डर झाली पण अंमल दिला नाही. ऑर्डर गटाच्या दुसऱ्या भागाची आहे. किंवा ऑर्डर आता जिवंतच नाही. पहिली शक्यता दुरुस्त होते, दोन-चार महिने हेलपाटे घालावे लागतात इतकंच, आणि ते हेलपाटे विकणाऱ्याने घालायचे आहेत, तुम्ही नव्हे. दुसरीत व्यवहार सोडून द्यायचा.

तिसरीबद्दल थोडं अधिक. महसूल संहितेच्या कलम ४४ खालच्या जुन्या ऑर्डरी काढून बघितल्या तर शेवटच्या पानांवर अटींची यादी असते, आणि त्यात बहुधा ही एक असते की आदेशाच्या तारखेपासून एक वर्षाच्या आत अकृषिक वापर सुरू करावा, अन्यथा परवानगी रद्द समजावी. वापर सुरू केल्यावर तीस दिवसांत तहसीलदारांना कळवायचं, मग सनद मिळते. आता एखाद्याने वीस वर्षांपूर्वी ऑर्डर काढली, जमीन तशीच नांगरत राहिला, आणि आज त्या कागदावर प्लॉट विकतोय. त्याने ना वापर सुरू केला, ना कळवलं, ना सनद घेतली. अशी ऑर्डर मी आधार म्हणून धरत नाही. तलाठी कार्यालयात गाव नमुना दोन बघायला सांगतो. बिनशेती महसुलाची ती नोंदवही. त्या गटाची आकारणी तिथे चढलेली असेल आणि वर्षानुवर्षं सारा भरल्याच्या पावत्या असतील, तर ऑर्डर जिवंत आहे असं मानायला आधार आहे. नोंदच नसेल तर वीस वर्षं कुणी बिनशेती सारा मागितला नाही आणि कुणी भरला नाही, एवढं तरी कळतं.

"हल्ली एनए लागत नाही" हे विकणाऱ्याचं वाक्य अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं असल्यामुळेच ते खपतं. २०१४ पासून संहितेत कलम ४२-अ, आणि २०१७ पासून ४२-ब, ४२-क, ४२-ड आले. विकास आराखड्यात किंवा प्रादेशिक योजनेत जमीन रहिवास विभागात असेल, किंवा गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असेल, तर कलेक्टरकडे स्वतंत्र परवानगीचा तो जुना लांबलचक अर्ज करावा लागत नाही. पुढेही नियम सैल होत चालले आहेत, त्यामुळे व्यवहाराच्या आठवड्यात तहसील कार्यालयात सध्याची पद्धत विचारून घ्या.

पण 'स्वतंत्र ऑर्डर लागत नाही' याचा अर्थ 'काहीच कागद लागत नाही' असा होत नाही. या कलमांखाली तहसीलदार रूपांतरण कर आणि अकृषिक आकारणी काढून देत आले आहेत, जमीन भोगवटादार वर्ग दोनची, म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी, असेल तर नजराणाही. ते चलनाने भरलं की महसुली नोंद व्हायची आणि सनद मिळायची. आणि रेखांकनाची, बांधकामाची मंजुरी नियोजन प्राधिकरणाकडून वेगळी असतेच. ती कुठल्याच दुरुस्तीने गेलेली नाही. तेव्हा "एनए लागत नाही" म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारतो: मग चलन दाखवा, सनद किंवा महसुली नोंद दाखवा आणि मंजूर लेआउट दाखवा. जमीन यलो झोनमध्ये, म्हणजे रहिवास विभागात, आहे म्हणून ती आपोआप प्लॉटांत विभागली गेली, असं होत नाही. झोन दाखला सांगतो की इथे काय करता येईल. केलंय की नाही, ते तो सांगत नाही.

तुकडेबंदीच्या सवलतींचाही असाच गैरवापर होतो. जुने तुकडे शुल्क भरून नियमित करण्याची सोय २०१७ साली आली, तेव्हा बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत शुल्क होतं, नंतर ते कमी होत गेलं. पण ती सोय जुन्या, होऊन गेलेल्या व्यवहारांसाठी आहे. "आत्ता घ्या, नंतर नियमित होईल" हे नव्या खरेदीसाठी कारण होऊ शकत नाही. शिवाय तुकडा नियमित झाला तरी त्याने मंजूर रस्ता आणि मंजूर प्लॉट नंबर मिळत नाही.

झेरॉक्सबद्दल एक माझी स्वतःची चूक सांगतो. वकिलीच्या सुरुवातीच्या काळात एका कुटुंबाला मी झेरॉक्स बघून होकार दिला होता. ऑर्डरवरचा गट नंबर जुळत होता, तारीख होती, सही होती. पुढे बांधकाम परवानगीच्या वेळी कार्यालयाने मूळ संचिका काढली तेव्हा कळलं की ऑर्डर खरी होती पण शेजारच्या गटाची. झेरॉक्स काढण्याआधी एका आकड्यावर दुसरा आकडा चिकटवला होता. झेरॉक्समध्ये चिकटवलेला कागद दिसत नाही. त्या कुटुंबाला पैसे परत मिळायला किती वर्षं गेली ते लिहीत नाही. त्या दिवसापासून विकणाऱ्याच्या हातून आलेली प्रत मी फक्त क्रमांक आणि तारीख टिपून घेण्यापुरती वापरतो. तो क्रमांक घेऊन ज्या कार्यालयातून ऑर्डर निघाली, म्हणजे जिल्हाधिकारी, प्रांत किंवा तहसीलदार, तिथल्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करायचा. साक्षांकित नक्कल नकाशासकट मागायची. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात मागायची. खर्च फार नाही, वेळ लागतो. आणि नेमका वेळच नसतो, कारण "दुसरी पार्टी तयार आहे" असं तुम्हाला सांगितलेलं असतं.

नक्कल हातात आली की ती फेरफाराशी ताडून बघा. ऑर्डरचा क्रमांक आणि तारीख ज्या फेरफारात आहे तो फेरफार काढायचा आणि त्यात लिहिलेलं क्षेत्र ऑर्डरमधल्या क्षेत्राशी जुळतं का बघायचं. त्या शिक्षकांच्या प्रकरणात फेरफारातही "० हे. ४० आर" असंच स्पष्ट लिहिलेलं होतं. म्हणजे ब्रोशर सोडलं तर एकाही सरकारी कागदाने त्यांना फसवलं नव्हतं. त्यांनी व्यवहार सोडला. विसार म्हणून दिलेले पन्नास हजार सोडवायला मात्र नोटीस द्यावी लागली.

तुमच्या बाबतीत मी असं करेन. खरेदीखत लगेच करायचं नाही. विकणाऱ्याकडून ऑर्डरचा किंवा सनदेचा क्रमांक, मंजूर रेखांकनाचा क्रमांक आणि ज्या प्राधिकरणाने मंजुरी दिली त्याचं नाव लिहून घ्या. विकायला काढलेलं क्षेत्र ५०० चौरस मीटरच्या वर असेल तर महारेराची नोंदणीही विचारा. ती असेल तर मंजूर नकाशा तिथेच घरबसल्या दिसतो आणि प्लॉट नंबर मिनिटभरात तपासून होतो. प्लॉटच्या कर्जासाठी एखाद्या बँकेकडे अर्ज करून बघणं हीसुद्धा चांगली युक्ती आहे, कर्ज घ्यायचं नसलं तरी. बँकेचा पॅनेलवरचा वकील एनए आणि मंजूर लेआउटशिवाय पुढे सरकत नाही, आणि त्याला विकणाऱ्याच्या गोड बोलण्याशी काही देणंघेणं नसतं.

पैसे अडकवायचेच असतील तर थोडा विसार देऊन साठेखत करा आणि त्यात लिहून घ्या की ठरावीक मुदतीत प्लॉटचा स्वतंत्र बिनशेती सातबारा विकणाऱ्याने स्वखर्चाने करून द्यायचा, तो न झाल्यास विसार परत. खरेदीखत होईल तेव्हा मिळकतीच्या वर्णनात ऑर्डरचा क्रमांक-तारीख, रेखांकनाचा क्रमांक, प्लॉट नंबर आणि चतुःसीमा हे चारही आलेच पाहिजेत. नुसतं "गट नंबर अमुक पैकी दीड गुंठा" असं लिहिलेलं खरेदीखत कुणी समोर ठेवलं, तर सही करू नका. तिथेही तोच 'पैकी' आहे, फक्त या वेळी तो तुमच्या दस्तात आहे.